‘का भाऊ’ की ‘क्यों भाऊ’?

हट्ट्याचा माणूस नागपूरला उतरला की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो भाड्याचा नव्हे आणि पत्त्याचाही नव्हे. समोरच्या अनोळखी माणसाशी कोणत्या भाषेत तोंड उघडायचे, हा तो प्रश्न. घरी आपण मराठी बोलतो, शाळा हिंदीतून झाली आहे, आणि दवाखान्याच्या कागदावर सगळे इंग्रजीत लिहिलेले आहे. तिन्ही भाषा खिशात असतात. पण पहिले नाणे कोणते काढावे, हे क्षणार्धात ठरवावे लागते. हा निर्णय आपण इतक्या सवयीने घेतो की तो घेतला हेही आपल्या लक्षात येत नाही.

माझ्या लक्षात तो आला एका ऑटोरिक्षात. एका नातेवाइकाला भेटायला मला मेडिकलला जायचे होते. स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या चालकाला मी विचारले, “क्यों भाऊ, मेडिकल चलोगे?” तो म्हणाला, “हौ, बैठो.” मग रस्ताभर आमचे हिंदीतच चालले. ऊन, धानाचा भाव, उड्डाणपुलांची कामे, त्याच्या मुलाची परीक्षा. मेडिकल चौक जवळ आला तेव्हा त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, “हौ माय, येऊनच राहिलो.” मी चमकलो. विचारले, “तुमी कोठचे जी?” म्हणाला, “लाखनीकडचा.” म्हणजे भंडारा जिल्ह्यातला, आमच्या सोयऱ्यांच्या मुलखातला! मी म्हटले, “मंग एवढा वेळ हिंदी काहून बोलले?” तो हसला आणि म्हणाला, “तुमीच सुरू केली ना जी.”

त्याचे म्हणणे खरे होते. दोन मराठी माणसे वीस मिनिटे हिंदीत बोलली, कारण त्यांतल्या एकाने पहिले वाक्य हिंदीत टाकले आणि दुसऱ्याने सौजन्याने ते पुढे चालवले. यात कोणी मराठीची लाज बाळगली नव्हती. मग ही रीत आली कोठून? नागपुरात ती आहे, तशी पुण्यात का नाही? याचे उत्तर शोधायचे तर या शहराच्या आणि आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

०

नागपूर हे मुळातच बाहेरून आलेल्यांचे शहर. अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने ते वसवले आणि निरनिराळ्या जातीजमातींच्या शेतकऱ्यांना व कारागिरांना आपल्या मुलखात बोलावून जमिनी दिल्या. पुढे रघूजी भोसल्यांनी तेथे आपली गादी आणली. दरबारी कारभार मराठीत, मोडी लिपीत होऊ लागला. पण भोसल्यांच्या फौजेत उत्तरेचे शिपाईही होते आणि अरबही. वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार आणि लोधी आपापल्या बोली घेऊन आले. कटकच्या मोहिमेत पोवारांनी भोसल्यांची चाकरी केली व त्याबद्दल त्यांना वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या, अशी परंपरा जुन्या गॅझेटियरांतही नोंदलेली आहे. राजा मराठी, शेजारी गोंड, पलीकडच्या गावात पोवारी, अशी ही वस्ती होती.

१८२१ मध्ये इंग्रजांनी नागपूरजवळ कामठीला छावणी टाकली. छावणीबरोबर मद्रासकडचे शिपाई, उत्तरेचे विणकर आणि व्यापारी आले. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी वारले आणि राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि उत्तरेकडचा सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत बनवण्यात आला व नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली. त्याच वर्षी आपला बालाघाट जिल्हाही जन्मला. भंडाऱ्याचा सपाट धानपट्टा आणि मंडला-सिवनीकडचे डोंगर जोडून तो केला गेला. म्हणजे जिल्ह्याचा जन्मच दुभाषी होता. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि तिच्या भोंग्यावर कोष्टी, महार, छत्तीसगढी, तेलुगू असे सगळे एकाच दारातून आत जाऊ लागले.

अशा गिरणीच्या दारात, इतवारीच्या पेठेत किंवा स्टेशनच्या फलाटावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाची बोली कोणती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नसे. खेड्यात अनोळखी माणूस भेटला तर त्याचे गाव, जात, बोली पाच मिनिटांत उलगडे. शहरात तेवढा वेळ कोणाजवळ होता? म्हणून जी भाषा कोणालाही थोडीफार समजेल, ती आधी टाकायची रीत पडली. ही हिंदी ग्रंथांतली नव्हती, आणि ती कोणी शिकवलीही नव्हती.

०

या रीतीला कायद्याचे बळ मिळाले ते पुढे. जुन्या मध्य प्रांतात उत्तरेचे जिल्हे हिंदी आणि दक्षिणेचे मराठी. वर वऱ्हाडही त्याला जोडलेले. काँग्रेसलाही या एका प्रांतात महाकोशल, नागपूर आणि विदर्भ अशा तीन प्रांतिक समित्या ठेवाव्या लागल्या. स्वातंत्र्यानंतर प्रांताला मध्य प्रदेश हे नाव मिळाले, राजधानी नागपूरच राहिली, आणि १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या. एकाच सचिवालयात, एकाच विधानसभेत दोन भाषांचा समान मान, ही देशात विरळाच व्यवस्था होती.

शहराचे सार्वजनिक जीवनही तसेच होते. ‘हितवाद’ इंग्रजीत, ‘महाराष्ट्र’ आणि ‘तरुण भारत’ मराठीत, ‘नवभारत’ हिंदीत. ही सगळी पत्रे एकाच शहरातून निघत. १९४८ मध्ये सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र दोन्ही भाषांत बोले. तेथे काही काळ गजानन माधव मुक्तिबोध नोकरीला होते. घरची मराठी असून त्यांनी कविता हिंदीत लिहिली आणि आधुनिक हिंदी कवितेत अढळ स्थान मिळवले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी त्याच नागपुरात राहून मराठीत लिहिले, आणि तेही आपल्या भाषेचे मोठे कवी व समीक्षक ठरले. एका आईची दोन मुले, एक शहर, आणि दोन भाषांतले दोन कवी. त्या काळच्या नागपुरात याचे कोणाला विशेष आश्चर्य वाटत नसे.

इंग्रजीची जागा मात्र वेगळी होती. उच्च न्यायालयाचा निकाल, सचिवालयातली टिपणी आणि विद्यापीठातला वर्ग ही तिची ठिकाणे. अनोळखी माणसाशी इंग्रजीत सुरुवात करणे म्हणजे आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे आधी सांगणे होते. म्हणून टांगेवाल्याशी कोणी इंग्रजी बोलले नाही, आणि साहेबाच्या दारात पुष्कळांनी पाठ केलेली दोन इंग्रजी वाक्ये पुढे केली. आजही खासगी रुग्णालयाच्या चकचकीत काउंटरवर हेच घडते. तेथील मुलगी “येस सर?” म्हणते आणि आपला खेड्यातला माणूस क्षणभर गप्प होतो. त्याला येते त्यातले काय चालेल, हेच त्याला उमगत नाही.

तीन भाषांत हिंदी मधली राहिली. ती साहेबाची नव्हती आणि घरचीही नव्हती. तिने कोणाला लहान केले नाही आणि कोणाची ओळखही मागितली नाही. हाच तिचा मोठा गुण ठरला.

०

पण हा गुण हिंदीच्या अंगचा म्हणायचा का? तसे नाही, हे सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने दाखवून दिले आहे. तेही सीमेवरचेच गाव. मिरजेजवळच्या कुपवाडचा अभ्यास करून जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो भाषाशास्त्रात फार गाजला. कुपवाडात जैन आणि लिंगायत घरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू आणि दलित मराठी. जमीन मुख्यतः जैनांची आणि मुसलमानांची. आता जैन आणि मुसलमान एकमेकांना भेटले तर बोलायचे कोणत्या भाषेत? कन्नड बोलावी तर एकाचे घर मोठे होते, उर्दू बोलावी तर दुसऱ्याचे. म्हणून दोघे मराठीत बोलत. तेथे मराठी ही तटस्थ भाषा होती; त्या दोन प्रबळ घरांपैकी कोणाचीच नव्हती, म्हणूनच ती दोघांना चालत होती.

म्हणजे जी भाषा नागपुरात मागे सरकते, ती कुपवाडात मध्यस्थ होऊन पुढे येते. तटस्थपण हे भाषेच्या अंगी नसून त्या भेटीतल्या दोन माणसांच्या नात्यात असते. हे एकदा ध्यानात घेतले की नागपुरी माणसाला ‘मराठीचा अभिमान नाही’ अशी नावे ठेवण्याचे कारण उरत नाही.

कुपवाडात आणखी एक गोष्ट दिसली. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिल्याने तिथल्या कन्नड, उर्दू आणि मराठीची वाक्यरचना जवळजवळ एक झाली होती. शब्द तेवढे वेगळे राहिले. नागपुरातही पाहा. आमची मराठी “मी येऊन राहिलो” म्हणते, त्यात हिंदीतले “आ रहा हूँ” बसलेले आहे. आणि नागपुरी हिंदी “वो आता करके बोला” म्हणते, त्यात आपले “तो येतो म्हणून म्हणाला” लपलेले आहे. होकाराचा ‘हौ’ तर दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे पहिल्या दोन शब्दांवरून माणूस मराठी की हिंदी, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. लाखनीच्या त्या चालकाने मला “हौ, बैठो” म्हटले, तेव्हा त्यातला अर्धा भाग मराठीच होता. तो मला ऐकू आला नाही, एवढेच.

०

१९५६ साल मात्र या साध्या सवयीला वेगळे वळण देऊन गेले. त्याच्या आदल्या वर्षी राज्य पुनर्रचना आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले होते. ते झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि राजधानी भोपाळला गेली. उच्च न्यायालय जबलपूरला गेले. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याची राजभाषा मराठी. आपल्याकडे राजभाषा हिंदी.

तोवर हट्ट्याच्या माणसाचे सगळे मोठे काम नागपुरात होते: दाद मागायची तेथे, अर्ज करायचा तेथे, मुलाला कॉलेजात घालायचे तेथे. आता खटला जबलपूरला, अर्ज भोपाळला, आणि दवाखाना, कापड, सोयरीक मात्र नागपूर-गोंदियालाच. हट्टा रोडहून गोंदियाची गाडी पूर्वीसारखीच धावत राहिली. बदलला तो तिच्यातून उतरणाऱ्या माणसाचा दाखला. पूर्वी तो राजधानीत आलेला आपल्याच प्रांतातला माणूस होता. आता तो ‘एमपीवाला’ झाला.

त्याबरोबर पहिल्या वाक्याचा अर्थही बदलला. १९५६ पूर्वी नागपुरात हिंदीत बोलणे म्हणजे दोन राजभाषांपैकी एकीत बोलणे होते. नंतर तेच वाक्य तुम्ही कोठून आलात हे सांगू लागले. आणि आपल्या माणसाच्या मनात एक नवा संकोच शिरला. नागपुरात मराठीत सुरुवात केली तर आपल्या मराठीतली पोवारी आणि हिंदी ऐकून कोणी हसेल का? आणि जबलपुरात हिंदी बोललो तर ‘तुम मराठी हो क्या’ म्हणून विचारतीलच. एका शहरात आपली मराठी अपुरी, दुसऱ्यात आपली हिंदी वेगळी. या कोंडीत सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे नागपुरात नागपुरी हिंदी. तीत चुकले तरी कोणी हसत नाही, कारण तीत बरोबर असे काही ठरलेलेच नाही.

आमच्या पिढीने ही वाट धरली. तिची किंमत काय पडली, हे त्या ऑटोत मला कळले.

०

ती किंमत अशी. समजा, मी अनोळखी माणसाशी मराठीत सुरुवात केली आणि तो हिंदी भाषक निघाला. तो हिंदीत उत्तर देतो, मी हिंदीवर येतो, आणि प्रश्न मिटतो. माझी चूक दुसऱ्याच वाक्याला उघड होते आणि दुरुस्तही होते. आता उलट समजा. मी हिंदीत सुरुवात केली आणि तो मराठी निघाला. त्याला हिंदी येतेच. तो हिंदीतच उत्तर देतो. त्याच्या त्या उत्तरातून मला कळते की हा हिंदीवाला आहे, आणि माझ्या प्रश्नातून त्यालाही तेच कळलेले असते. दोघांचाही अंदाज चुकलेला, आणि ती चूक उघड करणारे काहीच त्या संभाषणात नाही. एखादा फोन वाजला तरच ती कळते.

मराठीची चूक आपोआप सुधारते. हिंदीची चूक झाकलेली राहते. इंग्रजीची चूक तर आणखी वेगळी: तीत समोरचा बहुधा गप्प होतो आणि आपण त्याला काही येत नाही असे समजतो. या तीन चुकांतला हा फरक फारसा कोणी ध्यानात घेत नाही. आणि झाकलेली चूक रोज हजार ठिकाणी झाली की शहरात मराठी कमी आहे असे सर्वांनाच वाटू लागते. मग पुढचा माणूस आणखी खात्रीने हिंदीत सुरुवात करतो. भाषा घरात जिवंत असूनही रस्त्यावर दिसेनाशी होते ती अशी.

यावर सरकारांनीही उपाय करून पाहिले आहेत. कॅनडातल्या माँट्रियल शहरात फ्रेंच आणि इंग्रजी शेजारी नांदतात. तेथल्या दुकानदारांनी ‘बाँझूर-हाय’ असे दुहेरी अभिवादन काढले. ग्राहकाने हवी ती बाजू उचलावी. दोघांचीही सोय होती. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये क्वेबेकच्या विधानसभेने एकमताने ठराव केला की दुकानदारांनी नुसते ‘बाँझूर’च म्हणावे. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी व निमसरकारी कार्यालयांत मराठीतच बोलण्याचा आदेश काढला. कार्यालयाच्या खिडकीपुरते ते समजण्यासारखे आहे. खिडकीमागचा माणूस कोणाचा चाकर आहे हे ठरलेले असते. पण त्याच वर्षी मुंबईजवळ मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. धाक दाखवून सुरू झालेले मराठी वाक्य हे अभिवादन राहत नाही, आणि त्यानंतर जो हिंदी भाषक मराठीतले पहिले वाक्य ऐकेल तो ते मागणी म्हणून ऐकेल. वर मी जी आपोआप सुधारणारी चूक म्हटली, ती तेव्हाच सुधारते जेव्हा समोरच्याला हिंदीत उत्तर देण्याची भीती वाटत नाही. हिची मर्यादा ही आहे.

०

मग करावे काय? इतिहासानेच एक साधन आपल्या हाती ठेवले आहे. नागपूरच्या रस्त्यावर पहिला शब्द बहुधा कोणत्याच एका भाषेचा नसतो. ‘राम राम’ दोन्हीकडे चालतो. गोंड माणूस ‘जय सेवा’ म्हणतो. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. १९३७ मध्ये ते मध्य प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले होते. दरवर्षी दीक्षाभूमीवर बालाघाट, भंडारा, छत्तीसगढ, आंध्र येथून आलेली माणसे ‘जय भीम’ म्हणून भेटतात, आणि भाषा कोणती हे त्यानंतर ठरते. यातली पुष्कळ अभिवादने माणसाचा समाज सांगतात, भाषा सांगत नाहीत. हिंदीचे पहिले वाक्य दोन्ही झाकते.

आणि ज्याला समाजही सांगायचा नाही, त्याच्यासाठी ‘भाऊ’ आहे. हा शब्द मराठीचा, पण नागपुरी हिंदीने तो केव्हाच आपला केला. ‘भाऊ’ म्हणून क्षणभर थांबले, तर समोरचा ‘काय जी’ म्हणतो की ‘हाँ बोलो’, हे ऐकू येते. माँट्रियलच्या दुकानदारांना दोन शब्द जोडावे लागले. आपल्याला एकाच शब्दात ते जमते. अडचण एवढीच की आपण थांबत नाही. ‘क्यों भाऊ’ म्हणून सुरुवात करतो आणि त्या ‘क्यों’ने निवड करून टाकतो.

तेव्हापासून मी ‘का भाऊ’ म्हणतो. माझी मराठी हट्ट्याची आहे, तीत पोवारी आहे, हिंदी आहे. कोणी हसले तर हसो. बरेचदा उत्तर हिंदीत येते आणि मीही हिंदीवर जातो, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. कधी चालक बिहारचा असतो, कधी तेलुगू. पण मधूनच कोणीतरी मान वळवतो आणि विचारतो, “कोठचे जी तुमी?” हट्टा म्हटले की त्याला ते ठाऊक नसते. गोंदियाच्या पुढे म्हटले की तो म्हणतो, “म्हंजे एमपीत? अन् मराठी बोलता?”

मी म्हणतो, “हौ.” हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे, म्हणून पुढे आणखी एक वाक्य मराठीत जोडतो.